स्क्रीनशॉटला काळं फासताना

आमची सोसायटी २४ फ्लॅटची, सहा मजली, आणि सेक्रेटरीपद गेली दोन वर्षं माझ्या गळ्यात आहे. टेरेसचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, कॉन्ट्रॅक्टरने पाच वर्षांची गॅरंटी लिहून दिली, आणि पहिल्याच पावसाळ्यात सहाव्या मजल्यावरच्या चारपैकी तीन घरांत छतातून पाणी ठिबकायला लागलं. फोन केला की त्याचं एकच पालुपद: "पावसाळ्यात तर तुमची काहीच तक्रार नव्हती." तक्रारी होत्या. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तारीख-वेळेसकट पडल्या होत्या.

आमच्या भागातल्या सगळ्या सोसायट्यांचा एक मोठा ग्रुप आहे, चारशेच्या वर माणसं. म्हटलं, आपल्या ग्रुपवरच्या मेसेजांचा स्क्रीनशॉट तिथे टाकावा आणि विचारावं, असल्या कॉन्ट्रॅक्टरकडून गॅरंटीचं काम तुम्ही कसं करून घेतलंत. पण मेसेज माझे नव्हते, शेजाऱ्यांचे होते. म्हणून रात्री जेवण झाल्यावर नावं झाकायला बसलो. गॅलरीत एडिट उघडलं, रुंद टोकाचा मार्कर घेतला, रंग काळा, आणि प्रत्येक नावावरून तीन-तीनदा फिरवला. कोळशासारखं काळंभोर दिसायला लागलं. मोठ्या ग्रुपवर टाकण्याआधी फक्त कमिटीतल्या पाच जणांना पाठवलं.

दहा मिनिटांत खजिनदारांच्या मुलाचा मेसेज आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझाच स्क्रीनशॉट त्याने परत पाठवला होता, आणि त्यात पाचही नावं राखाडी पट्ट्यांतून स्वच्छ वाचता येत होती. खाली लिहिलं होतं, "काका, हे काळं नाहीये, काळसर आहे."

त्याने फार काही केलं नव्हतं. ब्राइटनेस आणि एक्सपोजर पूर्ण वर नेलं होतं, बस. मी वापरलेला मार्कर म्हणजे हायलायटर होता, ओळीखाली पिवळा मारतो तसला, अर्धपारदर्शक. तो प्रत्येक फेरीत खालचं सगळं गडद करत जातो, पण अक्षर आणि अक्षरामागचा पांढरा यांच्यातला फरक थोडासा तरी शिल्लक राहतो. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, म्हणून आपण समजतो की झाकलं. तो फरक ताणून मोठा केला की अक्षरं पुन्हा वर येतात.

मी म्हटलं, मग धूसर करतो, टीव्हीवर चेहरे करतात तसं चौकटी-चौकटी. तो नको म्हणाला, आणि त्याचं कारण मला तेव्हा पटकन कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये भेटला तेव्हा नीट सांगितलं. धूसर केलेलं अक्षर पुसलं गेलेलं नसतं, त्याची सरासरी तिथे उरलेली असते. आता आमच्या बोर्डावर २४ नावं आहेत. कोणी ती सगळी त्याच अक्षरवळणात टाइप केली, तशीच धूसर केली आणि माझ्या चित्राशेजारी ठेवली, की कुठलं जुळतं ते दिसणारच. अंधारात बाण मारायचाय असं थोडंच आहे, चोवीसांतला एक तर ओळखायचाय. म्हणून भरीव चौकोन टाकायचा, शंभर टक्के अपारदर्शक. काही फोनांत तो एडिटमधल्या 'आकार' या भागात मिळतो, काहींत वेगळं अ‍ॅप लागतं.

दुसऱ्या खेपेला चौकोन टाकले. आता बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "ही दुसरी आपली कौमुदी ना?" (नाव बदललंय, पण मूळ नावही असंच वर-खाली पसरलेलं.) मी चौकोन शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घेतला होता. मराठी नाव एवढ्यात मावतं कुठे? वरून दोन मात्रा आणि एक वेलांटी डोकावत होती, खालून उकाराचं शेपूट. चोवीस घरांत तसं नाव एकच. मग पट्टी वर आणि खाली निम्म्या ओळीने वाढवली. शिवाय सगळ्या पट्ट्या सारख्या लांबीच्या केल्या, कारण नावापुरती आखूड पट्टी काढली तर 'राव' कुठे आणि 'देशपांडे काकू सहावा मजला' कुठे, हे नुसत्या लांबीवरून कळतं. ही दुसरी पट्टी लांब होण्याचं कारणही गमतीचं: स्क्रीनशॉटवर माणसाचं नाव त्याने ठेवलेलं येत नाही, मी माझ्या फोनमध्ये सेव्ह केलेलं येतं. मी एका सभासदांना 'मेंटेनन्स थकबाकी' असं सेव्ह केलं आहे. ते बाहेर गेलं असतं तर गळतीपेक्षा मोठं प्रकरण झालं असतं.

ज्यांचा नंबर सेव्ह नाही त्यांचा तर अख्खा मोबाइल नंबरही मेसेजच्या डोक्यावर दिसू शकतो. तो झाकायचा हे कोणालाही सुचतं. सुचत नाही ते उत्तराच्या मेसेजमधलं. कोणी आधीच्या मेसेजला उत्तर दिलं की त्या फुग्याच्या आत एक छोटी चौकट येते, त्यात मूळ लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याची एक-दोन वाक्यं. मी मूळ मेसेजवरचं नाव झाकलं होतं, आणि तेच नाव तीन बोटं खाली, दुसऱ्याच्या उत्तरात, उघडं पडलं होतं. तसंच @ लावून कोणाला हाक मारली असेल तर ते वाक्याच्या मध्यात असतं. नावाशेजारचा गोल फोटो तर आहेच, आणि नावाचा रंगही. पट्टीच्या कडेने हिरवा ठिपका राहिला की 'वरचा हिरवा तोच हा हिरवा' एवढं जुळवता येतं.

सगळ्यात वर माझ्या एका मुलीच्या मैत्रिणीच्या आईचा मेसेज होता. म्हणजे ग्रुपवर नव्हे, मी स्क्रीनशॉट काढला त्याच क्षणी वरून नोटिफिकेशनची पट्टी उतरली होती, आणि त्यात त्यांच्या घरची एक खाजगी गोष्ट अर्धी वाचता येत होती. तो स्क्रीनशॉट सरळ टाकून दिला, 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं आणि पुन्हा काढला. या वेळी दिवसाची तारीख दाखवणारी छोटी पट्टी चित्रात येईल असं सरकवून घेतलं, कारण प्रत्येक मेसेजखाली नुसती वेळ असते, आणि माझं सगळं म्हणणं तर तारखेवर उभं होतं. वेळ आणि तारीख सोडून बाकी काय गेलं तरी मला चालणार होतं.

इथपर्यंतचं काम हाताचं होतं. खरा वेळ मजकुराने खाल्ला. एक मेसेज असा: "काल रात्री दोनदा उठून बादली बदलली, सासूबाईंच्या पलंगावरच पाणी पडतंय, त्यांचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेत." नाव झाकलं तरी काय झाकलं? मराठीत क्रियापदही चुगली करतं. दुसरा मेसेज होता, "मी स्वतः टेरेसवर जाऊन बघून आले." 'आले' म्हटलं की बाई. सहाव्या मजल्यावर चार घरं, त्यातल्या गळणाऱ्या तीनपैकी एका घरात दोघे भाऊच राहतात. उरली दोन. म्हणून तिथे 'मी स्वतः'पासून 'आले'पर्यंत सगळं झाकलं आणि "पॅरापेटच्या कोपऱ्यात भेग आहे" एवढंच ठेवलं. पहिल्या मेसेजमधलं पलंगापासून पुढचं सगळं गेलं. "काल रात्री दोनदा उठून बादली बदलली" एवढं उरलं, आणि कॉन्ट्रॅक्टरला उत्तर द्यायला ते पुरेसं होतं.

एक गोष्ट मात्र कितीही पट्ट्या ओढल्या तरी साधत नाही. आमच्याच ग्रुपमधले सात-आठ जण त्या मोठ्या ग्रुपवरही आहेत. उरलेल्या शब्दांतला 'पॅरापेट' शोधात टाकला की दोन सेकंदांत मूळ मेसेज समोर. त्यांच्यापासून झाकण्याचा उपाय एकच, चित्र न टाकता आपल्या शब्दांत सांगणं. मला चित्र हवं होतं, म्हणून मी गळणाऱ्या तिन्ही घरांत फोन केला. दोघांनी "नाव नको, बाकी टाका" म्हटलं. तिसरी भाडेकरू होती. ती म्हणाली, "काका, घरमालकांना मी तक्रारी करते असं वाटायला नको, माझं अ‍ॅग्रीमेंट डिसेंबरला संपतंय." तिचा मेसेज पट्टीखाली न घालता अख्खा कापून काढला. नुसतं झाकलं असतं तर तिथे कोणीतरी काहीतरी बोललंय हे दिसलंच असतं.

कापण्यावरून त्या मुलाने आणखी एक सांगितलं. मार्च २०२३ मध्ये उघडकीला आलं होतं की गूगलच्या पिक्सेल फोनांतल्या स्क्रीनशॉट-एडिटरमध्ये कापलेल्या चित्राच्या फाइलमध्ये मूळ चित्राचा शेपटाकडचा भाग तसाच राहत होता. नवी लहान फाइल जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिली जायची आणि उरलेलं छाटलंच जात नव्हतं. तो दोष काही वर्षं कोणाच्या लक्षात आला नव्हता. त्याला अ‍ॅक्रोपॅलिप्स असं नाव पडलं, आणि लगेचच विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसंच सापडलं. दोन्ही दुरुस्त झाले, पण आधी पाठवलेली चित्रं जिथे गेली तिथे आहेत. यावर त्याचा घरगुती उपाय सोपा आहे: पट्ट्या टाकून, कापून झालं की ते चित्र पूर्ण पडद्यावर उघडायचं, त्याचाच पुन्हा स्क्रीनशॉट काढायचा आणि तो पाठवायचा. या नव्या फाइलला मुळातलं काही माहीतच नसतं. फक्त हायलायटरचं काळसर मात्र याने काळं होत नाही, ते स्क्रीनशॉटच्या स्क्रीनशॉटमध्येही तसंच वाचता येतं. मूळ मेसेज ग्रुपवर जसेच्या तसे ठेवले आहेत. उद्या प्रकरण वाढलं तर पट्ट्या ओढलेलं चित्र कोण मानणार?

तिसऱ्या रात्री पाठवण्याआधी स्वतःच ब्राइटनेस पूर्ण वर नेऊन पाहिलं, बोटांनी मोठं करून कडा पाहिल्या, आणि मोठ्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत शेजारच्या सोसायटीतल्या एका बाईंचा फोन. "अहो, त्या आमच्या भजनी मंडळातल्या ताईंच्या हॉलमध्ये एवढं पाणी गळतंय?"

मेसेजांत एक फोटो होता, छताच्या ओल्या डागाचा. डागाखाली भिंतीवर लाकडी लंबकाचं घड्याळ, आणि दर गुरुवारी तिथे भजनाला बसणाऱ्या वीस बायकांना ते पाठ. मी ताबडतोब 'सर्वांसाठी हटवा' केलं, तोवर किती जणांनी पाहिलं देव जाणे. फोटो कापून फक्त डाग ठेवला, पुन्हा टाकला, आणि ताईंना फोन करून माफी मागितली.

"घड्याळ माहेरचं आहे हो," त्या म्हणाल्या, "ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागे जाळी लागली होती ती दिसत होती का?"