एका बिलाचे नव्वद हजार

२०२५चा गुढीपाडवा रविवारी आला होता आणि त्याच दिवशी दुपारी आमचं मशीन आलं. कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे, निम्मा धंदा बेदाण्याच्या खोक्यांचा. बाबांनी बरीच वर्षं मनात धरलेलं रोटरी स्लॉटर, म्हणजे पुठ्ठ्याला खाचा पाडणारं मशीन, अखेर गुजरातच्या एका पार्टीकडून घेतलं. ट्रकवरून क्रेनने सांगाडा उतरवला, आईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. फीडर आणि इलेक्ट्रिक पॅनेल मात्र गाडीत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, ते मागून येतंय.

बिल २८ मार्चचं होतं. मशीन ५ लाख, त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या खरेदीवरचा जीएसटी, ९० हजार, एकूण ५ लाख ९० हजार. हिशेबाचं काम माझ्याकडे येऊन तेव्हा वर्षच झालं होतं, त्यामुळे पाच लाखांपेक्षा ते नव्वद हजारच मला जास्त दिसत होते. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा होतो, यालाच इनपुट टॅक्स क्रेडिट किंवा आयटीसी म्हणतात, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मार्चचा आमचा विक्रीवरचा कर १ लाख ४० हजार होत होता आणि कागद, डिंक, वीजकाम वगैरेचं क्रेडिट ६२ हजार होतं. म्हणजे ७८ हजार खिशातून भरायचे. मशीनचे ९० हजार धरले तर भरायचं शून्य, वर १२ हजार शिल्लक. वर्षअखेरीला ७८ हजार हाताशी राहणं म्हणजे आमच्यासारख्यांना एक पूर्ण पगार.

१४ एप्रिलला पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांचा तक्ता, आलं. पार्टीने आपलं विक्रीचं रिटर्न वेळेत भरलं होतं, त्यामुळे आमचं बिल त्यात व्यवस्थित दिसत होतं, आयटीसी उपलब्ध असल्याच्या रकान्यात. जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, उघडलं तर 4(A)(5) या क्रेडिटच्या ओळीतही रक्कम आपोआप आलेली. मी मनातल्या मनात ते ७८ हजार खर्चूनही टाकले आणि सीए काकांना फोन लावला, मार्चचं रिटर्न भरून टाकू म्हणून.

काकांनी आधी बिल मागितलं. मेलवर आलेलं पाठवलं. मग विचारलं, "मशीन कधी आलं?"

"पाडव्याला."

"सगळं?"

"पॅनेल आणि फीडर नऊ एप्रिलला आलं."

"मग मार्चमध्ये तुला एक रुपयाही मिळत नाही."

मी म्हटलं, अहो पण पोर्टल दाखवतंय. त्यावर काका जे बोलले ते मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं. पोर्टलला फक्त समोरच्याने काय भरलं ते कळतं. तुझ्या गेटमधून काय आत आलं ते त्याला कुठून कळणार? क्रेडिटच्या अटी जीएसटी कायद्याच्या कलम १६(२) मध्ये आहेत. बिल हातात हवं, ते पुरवठादाराने दाखवलेलं हवं, माल मिळालेला हवा, कर सरकारकडे भरलेला हवा आणि आपलं रिटर्न भरलेलं हवं. यातली एकही अट सुटली तर क्रेडिट सुटलं. टू-बीत बिल दिसणं ही यातली एकच अट. आणि एकाच बिलाचा माल तुकड्यातुकड्याने येत असेल तर शेवटचा तुकडा आल्यावरच क्रेडिट घेता येतं, असं त्याच कलमात स्वच्छ लिहिलंय.

"निम्मा माल आला तर निम्मं घेऊ," हा माझा पुढचा प्रयत्न. तोही चालला नाही. तसं प्रमाणात क्रेडिट देण्याची सोय या ठिकाणी नाही. पन्नास गाड्यांचा माल असला आणि एकोणपन्नास आल्या, तरी थांबायचं.

मी गेटवरचं आवक रजिस्टर काढून बघितलं. ३० मार्चला वॉचमनने लिहिलं होतं, "मशीन १ नग, पॅनेल बाकी". ९ एप्रिलच्या ओळीत "पॅनेल व फीडर, ३ पेट्या". त्या गाडीसोबत पार्टीचं डिलिव्हरी चलान होतं, त्यावर २८ मार्चच्या बिलाचा नंबर, आणि सोबत बिलाची मूळ प्रत. आधीच्या गाडीसोबत सहीशिक्क्याची नक्कलच होती. तेव्हा मला वाटलं होतं, मूळ प्रत द्यायला विसरले असतील. प्रत्यक्षात सुटा माल तसाच पाठवायचा असतो: पूर्ण बिल पहिल्या गाडीआधी करायचं, प्रत्येक गाडीला नक्कल आणि पुढच्या गाड्यांना चलान, मूळ प्रत शेवटच्या गाडीबरोबर. म्हणजे मार्चमध्ये माल पूर्ण आला नव्हता हे आमच्याच फायलीतले कागद बोलत होते. उद्या तपासणीला कुणी आलं असतं तर वॉचमनच्या अक्षरातल्या त्या दोन शब्दांवर आम्ही अडकलो असतो.

मग रिटर्न असं भरलं. 4(A)(5) मध्ये पोर्टलने आणलेली रक्कम तशीच ठेवली आणि मशीनचे ९० हजार 4(B)(2) मध्ये उलटवले. ही ओळ तात्पुरत्या रिव्हर्सलची, म्हणजे नंतर परत घ्यायच्या रकमेची. तिच्या वरची 4(B)(1) कायमची असते. तिथे टाकलं तर परत मागायला तोंड राहत नाही, म्हणून काकांनी ती ओळ दोनदा बघायला लावली. ७८ हजार रोखीने भरले. बाबा दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले. एप्रिलच्या रिटर्नमध्ये, २० मेला, तेच ९० हजार 4(A)(5) मध्ये मिळवले आणि 4(D)(1) मध्ये परत घेतल्याचं दाखवलं.

नंतर कळलं की आयएमएसमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या बिलं स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या स्क्रीनवर, जाऊन ते बिल आधीच पेंडिंग ठेवलं असतं तर ते मार्चच्या टू-बीत आलंच नसतं, आणि हा उलटवण्याचा खटाटोप वाचला असता. त्या स्क्रीनवर काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरतात. मी तर ती स्क्रीन तोवर उघडलीही नव्हती.

मी हट्टाने मार्चमध्येच घेतलं असतं तर किती लागलं असतं, याचाही हिशेब मांडून बघितला. नव्वदातले ७८ हजार वापरले गेले असते, त्यावर १८ टक्क्यांनी २० एप्रिल ते २० मे या तीस दिवसांचं व्याज १,१५४ रुपये. तेही मेमध्येच चूक सुधारली असती तर. दोन वर्षांनी नोटिशीतून कळलं असतं तर गणित वेगळं झालं असतं.

इथवर मी स्वतःवर खूश होते. खरी चूक पुढे झाली.

व्यवहार ठरताना १० टक्के रक्कम, म्हणजे ५९ हजार, ट्रायल झाल्यावर द्यायची ठरली होती. पॅनेलमधला एक ड्राइव्ह सारखा ट्रिप व्हायचा. त्यांचा माणूस जूनमध्ये एकदा येऊन गेला, ऑगस्टमध्ये परत. बाबा म्हणाले, नीट चालल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. धंद्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच होतं. पण कायदा म्हणतो की पुरवठादाराला मूल्य आणि कर मिळून सगळे पैसे १८० दिवसांत द्या, नाहीतर न दिलेल्या भागापुरतं क्रेडिट व्याजासकट परत करा. ही अट मला माहीत होती. मी मालाचा शेवटचा तुकडा आला ते ९ एप्रिल धरून १८० दिवस मोजले आणि डायरीत ६ ऑक्टोबरला लाल पेनाने गोल केला. दसऱ्याआधी मशीन धड चालायला लागलं, ४ ऑक्टोबरला ५९ हजार पाठवले आणि दोन दिवस राखले म्हणून काकांना अभिमानाने कळवलं.

"मोजलंस कुठून?" काकांनी विचारलं.

दिवस मोजायचे ते बिलाच्या तारखेपासून. २८ मार्चपासून १८० वा दिवस येतो २४ सप्टेंबरला. मी क्रेडिट घ्यायची तारीख आणि पैसे द्यायची तारीख एकाच खुंटीला टांगली होती. क्रेडिटसाठी माल कधी आला ते बघतात, १८० दिवसांसाठी बिल कधीचं ते बघतात. सुट्या मालात या दोन तारखांत सहज पंधरवड्याचं अंतर पडतं, आमचं बारा दिवसांचं पडलं.

थकलेले ५९ हजार म्हणजे बिलाचा दहावा भाग, म्हणून क्रेडिटचाही दहावा भाग: ९ हजार. काका म्हणाले, त्यापुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये टाकलं तरी नियमात बसतं, पण व्याज कशाला वाढवा, सप्टेंबरच्याच रिटर्नमध्ये उलटवू. ९ हजार 4(B)(2) मध्ये टाकले, आणि पैसे आता दिलेलेच होते म्हणून त्याच रिटर्नमध्ये परतही घेतले. क्रेडिट जिथल्या तिथे राहिलं. व्याज मात्र गेलं. काकांनी ते क्रेडिट वापरून संपलं त्या २० मेपासून १५ ऑक्टोबरला रिटर्न भरलं तोवर मोजलं, १४८ दिवस, ६५७ रुपये. ते काही परत मिळत नाही. असं उलटवलेलं क्रेडिट पैसे दिल्यावर परत घ्यायला आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरची क्रेडिट घ्यायची मुदत आड येत नाही, एवढाच काय तो दिलासा. नव्या बिलाचं क्रेडिट घ्यायचं राहिलं तर ती मुदत आड येतेच.

याच सुमारास पार्टीने त्यांचा कर खरोखर भरलाय का तेही बघून घेतलं. पोर्टलवर लॉगिन न करताही त्यांचा जीएसटी नंबर टाकून कुठल्या महिन्याचं रिटर्न कधी भरलं ते दिसतं. मार्चचं ३बी त्यांनी दोन दिवस उशिरा, पण एप्रिलमध्येच भरलं होतं. आम्ही क्रेडिट घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० सप्टेंबरपर्यंतही ते भरलं नसतं तर त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत आम्हाला सगळे ९० हजार उलटवावे लागले असते, पूर्ण पैसे देऊनसुद्धा. ही एक अट मला अजूनही अन्यायाची वाटते. समोरच्याने कर बुडवला तर त्याच्या मागे लागायचं सोडून पैसे देऊन बसलेल्याला धरायचं, हे कुठल्या न्यायाने?

शेवटी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर मशीन ५ लाख ९० हजारांना चढवलेलं, माझ्याच हाताने. कराच्या रकमेवर घसारा घेतला तर त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. ती नोंद ५ लाखांवर आणली.

आता आवक रजिस्टरमध्ये मी एक जादा रकाना आखलाय, बिलाची तारीख असा. वॉचमन तो भरतो, पण कधीकधी त्यात गाडीचा नंबर लिहितो.