मातीच्या ब्लॉकची घरं: आमची वाटचाल

सातारा जिल्ह्यात कोरेगावजवळ आमचा छोटा व्यवसाय आहे. दाबाच्या मातीच्या विटांची, म्हणजे सिमेंट मिसळून प्रेसमध्ये दाबलेल्या मातीच्या ब्लॉकची घरं आम्ही बांधतो. काम बहुतेक माण, खटाव आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत चालतं. वडिलांची वीटभट्टी होती. पुढे माती महाग झाली, जळण त्याहून महाग झालं, तेव्हा मी भट्टी बंद केली आणि हाताने चालवायची एक प्रेस विकत घेतली. लांब दांडा, त्यावर दोन माणसांचा जोर, आणि साच्यातून ९ इंच लांब, साडेसात इंच रुंद, ४ इंच उंच असा ब्लॉक वर येतो. अशा प्रेसवर आपल्याकडे जे मूलभूत काम झालं, ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि नंतर पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये. आम्ही ते शिकून घेतलं आणि आमच्या मातीला लावून पाहिलं.

सुरुवातीला फोन यायचे ते एकाच आशेने. "माती तर आमच्या रानातलीच आहे, मग घर निम्म्यात होईल ना?" अजूनही येतात. त्याचं उत्तर पुढे हिशेबासकट देतो, पण त्याआधी मातीचं बोललं पाहिजे, कारण निम्म्याहून जास्त चौकशा तिथेच निकाली निघतात.

रानातली वरची माती घरासाठी कामाची नसते. तीत मुळं असतात, शेणखत असतं, आणि आमच्या भागात ती बरेचदा काळी असते. काळ्या मातीतली चिकण पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. तीच हालचाल भिंतीत नको. चुना घातला तर ही चिकण बरीच शांत होते. पण चुन्याची ताकद सावकाश येते आणि ब्लॉक कितीतरी जास्त दिवस ओला ठेवावा लागतो. कमी बजेटच्या कामात ते परवडत नाही, म्हणून काळ्या मातीचे ब्लॉक आम्ही घेतच नाही. आम्हाला हवा तो खालचा तांबूस मुरूम, चाळून घेतलेला, ज्यात बारीक कच भरपूर आणि चिकण थोडी असते. शंभर भागांत दहा-पंधरा भाग चिकण आणि साठ-सत्तर भाग वाळू-कच असली की सिमेंटचं काम नीट होतं. चिकण जास्त झाली तर सिमेंट वाया जातं. अगदीच नसली तर ताजा ब्लॉक साच्यातून काढताना कोपरे हातात येतात.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या सरळ बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालायचं, जोरात हलवून ठेवून द्यायचं. खडे आणि कच मिनिटभरात तळाला बसतात, त्यावर गाळ, आणि सर्वांत वर चिकणीचा मऊ थर, तोही दुसऱ्या दिवशी. पट्टी लावून थर मोजायचे. ही चाचणी ढोबळ आहे, कारण ओली चिकण फुगून जास्त दिसते. म्हणून आमचा भरवसा दुसऱ्या चाचणीवर. दोन फूट लांब, दीड इंच रुंद आणि तेवढ्याच खोल लाकडी खोक्याला आतून तेल लावायचं, ओली माती ठासून भरायची आणि वाळू द्यायची. वाळल्यावर सगळी माती एका टोकाला सरकवली की दुसऱ्या टोकाला किती जागा सुटली ते दिसतं. दीड सेंटिमीटरच्या आत असेल तर काम सोपं. साडेचारच्या पुढे गेली तर आधी कच मिसळून पुन्हा भरतो, आणि तरीही ऐकत नसेल तर मालकाला सांगतो की दुसरी माती शोधा किंवा पक्की वीट घ्या.

माण तालुक्यातल्या एका घराचं उदाहरण देतो, म्हणजे आकडे जमिनीवर येतील. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. बाहेरून २३ बाय साडेसोळा फुटांचं, दोन खोल्यांचं घर. शेततळ्याच्या खोदाईतला मुरूम बांधावर पडलेला होता, तो खोक्यात दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकला. चार भाग मुरमाला एक भाग कच घालून आम्ही त्याला दीडच्या आत आणलं. ९ फूट उंचीच्या भिंती, दारं-खिडक्या वजा करून, साडेसात इंच जाडीने धरल्या तर साधारण अडीच हजार ब्लॉक लागतात. मोडतोड धरून आम्ही पावणेतीन हजार काढले. त्याला कच धरून साडेपाच ब्रास माल आणि तीस गोण्या सिमेंट गेलं, म्हणजे मातीच्या वजनाच्या सुमारे ७ टक्के. सात माणसांच्या गँगला आठवडाभराचं काम.

ब्लॉक पाडताना खरी मेख सिमेंटपेक्षा पाण्यात आणि वजनात असते. पाणी टाकलेल्या मातीचा मुठीत लाडू करायचा आणि छातीच्या उंचीवरून टणक जमिनीवर सोडायचा. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर, भुगा झाला तर कमी, चपटा होऊन तसाच पडला तर जास्त. दुसरं म्हणजे साच्यात घमेल्याने अंदाजे माती टाकायची नाही, प्रत्येक वेळी तोलून टाकायची. माती कमी पडली तर दांडा सहज खाली येतो आणि माणसाला बरं वाटतं, पण तो ब्लॉक पोकळ राहतो. आमच्याकडे तराजूवरचा माणूस दांड्यावरच्या माणसाइतकाच महत्त्वाचा, आणि त्याची मजुरीही तेवढीच. सिमेंट मिसळलेला माल अर्ध्या तासात दाबून संपवायचा, म्हणून एका वेळी एका गोणीचाही माल कालवत नाही.

मग पाणी मारणं. पहिले दोन दिवस ब्लॉक प्लॅस्टिकखाली, नंतर गोणपाटाखाली, तीन आठवडे ओले. इथे माणमध्ये अडचण येते. मार्चनंतर गावात टँकर सुरू झाला की ब्लॉकवर पाणी मारतोय असं म्हणायचीही लाज वाटते. म्हणून ब्लॉक डिसेंबर ते फेब्रुवारीतच पाडायचे, हा आमचा नियम आहे. उन्हात उघडे सुकवलेले ब्लॉक दिसायला छान असतात, पण किल्लीने कोपरा खरवडला की पावडर निघते. प्रत्येक लॉटमधले चार-पाच ब्लॉक रात्रभर हौदात बुडवून सकाळी पाहतो. कडा शाबूत हव्यात आणि दोन ओले ब्लॉक एकमेकांवर आपटल्यावर फुटता कामा नयेत. कोरडा ब्लॉक कितीही खणखणीत वाजला तरी भिजल्यावर त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते, म्हणून कोरड्या ब्लॉकच्या आकड्यावर मी भुलत नाही.

आता पैशाचं. त्या घराचे ब्लॉक सिमेंट, कच, जेसीबी, मजुरी आणि आमची फी धरून नगाला १९ रुपयांच्या आसपास पडले, म्हणजे ५१ हजार. गवंडीकाम आणि सांध्यांत भरायचा माल मिळून उभी भिंत ७५ हजारांच्या घरात गेली. तीच भिंत भाजक्या विटेची ९ इंची केली असती तर साडेसात हजार विटा लागल्या असत्या आणि खर्च ९५ हजारांपर्यंत गेला असता, वर बाहेरचा गिलावा वीस-बावीस हजारांचा. म्हणजे ४० हजारांच्या आसपास बचत झाली. पण पूर्ण घर साडेचार लाखांचं झालं! पाया, जोतं, पत्रे, लोखंडी पाइप, दारं, फरशी, संडास-बाथरूम, वायरिंग यांना भिंत मातीची आहे की विटेची याच्याशी काही देणंघेणं नसतं. भिंत हा घराच्या खर्चाचा लहान तुकडा आहे. त्यामुळे दहा टक्क्यांच्या आत बाहेर वाचतात, आणि तेही माती आवारातच असेल तर. माती दहा किलोमीटरवरून ट्रॅक्टरने आणायची असेल तर मी स्वतःच वीट घ्या म्हणतो.

बचत वाढवायची म्हणून लोक नको तिथे कात्री लावतात. जोतं दोन फुटांचं न करता एक फुटाचं, वळचण अडीच फुटांची न करता एक फुटाची. मातीच्या ब्लॉकचं घर याच दोन ठिकाणी हरतं. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतं आणि खालचे दोन-तीन थर चाटून काढतं. नैऋत्येच्या भिंतीवर ते आधी दिसतं, कारण पाऊस तिकडून येतो. खालच्या थरांचे कोपरे गोल व्हायला लागले की समजावं. म्हणून जोतं काळ्या दगडाचं, सिमेंटच्या मालात. त्यावर काँक्रीटचा पट्टा, जो ओलही अडवतो. बाथरूमच्या भिंती आम्ही भाजक्या विटेच्याच करतो, त्यात तडजोड नाही.

पाटण-जावळीकडून विचारणा होते तेव्हा बहुतेक वेळा नाही म्हणतो. तिथला पाऊस महिनोन् महिने भिंत सुकू देत नाही. शिवाय १९६७ चा कोयनेचा भूकंप तिकडची जुनी माणसं विसरलेली नाहीत, आणि १९९३ च्या किल्लारीनंतर मातीचं घर म्हटलं की सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर ढिगारे येतात. किल्लारीत पडली ती मातीच्या मालात रचलेली जाडजूड दगडी घरं, वर मातीचं अवजड माळवद. आमची भिंत तशी नाही, पण सांधेजोड नसेल तर तीही ठिसूळच. म्हणून जोत्यावर आणि दारांच्या माथ्यावर चारी भिंतींना धरणारे काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, आणि पत्र्याचे पाइप वरच्या पट्ट्यातल्या बोल्टना आवळलेले. माणच्या वावटळीत हलका पत्रा उडतो. नुसत्या ब्लॉकमध्ये ठोकलेला बोल्ट तो धरून ठेवत नाही. या पट्ट्यांचं लोखंड बजेटात धरायला कोणी तयार नसेल तर काम आम्ही घेत नाही. वर मजला चढवायचा विचार असेल तरीही नाही. एवढ्या जाडीची, गावात पाडलेल्या ब्लॉकची भिंत मी एका मजल्यापुरतीच धरतो.

घरकुलाची कामं करतो, पण थोडी. मैदानी भागात केंद्राच्या योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार, घर किमान २५ चौरस मीटर, आणि हप्ते बांधकामाच्या टप्प्यानुसार. ब्लॉक तीन आठवडे गोणपाटाखाली असतात तेव्हा टप्पा पुढे सरकलेला दिसत नाही, आणि हप्ता नसल्याने मालकाचे हात बांधलेले. ज्यांच्याकडे तेवढा काळ काढायला स्वतःचे थोडे पैसे आहेत, त्यांचंच जमतं.

ब्लॉकवर एकट्याने बारा महिने धंदा चालत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात आम्ही जोती आणि दगडी बांधकाम करतो, पावसाळ्यात माती तपासून देतो. मातीची तपासणी वेगळी घेतली तर तिचे पैसे लागतात, काम आम्हाला दिलं तर बिलात वळते करतो. यंदाच्या हंगामाची तीन कामं ठरली आहेत. चौथ्याची माती अजून खोक्यात वाळते आहे.