बँकेनं कुणाला 'तू' म्हणावं?

दादरच्या स्टुडिओत त्या दिवशी एका सहकारी बँकेच्या दोन रेडिओ जाहिराती रेकॉर्ड व्हायच्या होत्या. एक पहिला पगार हाती आलेल्या मुलामुलींसाठी आवर्ती ठेवीची, दुसरी साठी ओलांडलेल्यांसाठी मुदत ठेवीची. मंजूर हिंदी संहितेत दोन्हीकडे 'आप' होतं. मराठी करताना बँकेच्या अधिकाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं: तरुणांना 'तू', ज्येष्ठांना 'आपण'.

ज्येष्ठांची आधी घेतली. निवेदकानं वाचलं, "आपण आपली ठेव ठेवावी, आपल्याला जादा व्याज मिळेल." कागदावर हे 'आपण' आदराचं वाटतं. कानाला मात्र बोलणारा स्वतःलाही त्यात धरतोय असं वाटतं, आणि वीस सेकंदांत श्रोता मागे जाऊन खुलासा करून घेऊ शकत नाही. 'ठेवावी' तर सरळ सरकारी सूचनेतून आलेलं. मी लिहिलं, "साठी झाली? मग तुमच्या ठेवीला आता व्याजही जास्त." निवेदकाला थोडं सावकाश वाचायला सांगितलं. आदर त्या आवाजातच आला.

तरुणांच्या जाहिरातीत खरा पेच होता. पहिलं वाक्य होतं, "महिनाअखेरीला पैसे शोधत बसतोस?" 'तू' घेतला की क्रियापद लगेच मुलगा की मुलगी हे उघड करतं, बसतोस म्हटलं की निम्म्या श्रोत्या बाहेर. त्यावर उपाय सोपा आहे, वाक्य 'तुला'वर न्यायचं: "तुला पगार पुरतो का गं?" नको, 'गं'ही नको. "पगार पुरतो का तुला?" एवढंच बास.

तरी ते खटकत होतं. रेकॉर्डिंग करणारा तेविशीतला मुलगा काचेपलीकडून म्हणाला, "सर, मित्र म्हणाला तर ठीक. बँक मला तू कशी म्हणेल?"

नेमकं तेच होतं. 'तू' की 'तुम्ही' हे ऐकणाऱ्याच्या वयावर ठरवायला गेलं की फसतं. आधी बोलणारा कोण ते बघावं लागतं. शाम्पू, चिप्स, मोबाइलचं रिचार्ज यांच्या जाहिरातीतला आवाज मित्राचा असू शकतो. पैसे सांभाळणाऱ्याचा आवाज मित्राचा झाला की विश्वास कमी होतो. म्हणून संहिता दोघांत वाटली. मैत्रीण विचारते, "पगार पुरतो का तुला?" दुसरा आवाज म्हणतो, "दहा तारखेपर्यंत." मग बँकेचा निवेदक: "दर महिन्याला थोडे बाजूला ठेवा." बोलणारा बदलला, म्हणून 'तुला' आणि 'ठेवा' शेजारी असूनही कुणाला खुपलं नाही.

संध्याकाळी वर्तमानपत्राच्या दोन्ही जाहिराती बघितल्या. तळाशी ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेव विम्याची ओळ होती. अधिकाऱ्यांना तीही तरुणांसाठी हलकीफुलकी हवी होती. मी ठाम नाही म्हटलं. 'ठेवींना विमा संरक्षण आहे' हे लेखी, कोरड्या मराठीतच छापलं गेलं, दोन्ही जाहिरातींत अक्षरशः एकसारखं.