बीपी, कंबर तलाव आणि पाण्याची बादली

"मॅडम, मला बीपी आहे. चालायला जाऊ का? जिम, योगा, पोहणं चालतंय का, का आधी डॉक्टरांना विचारू?"

चालायला जा. गोळ्यांनी बीपी ताब्यात असेल आणि चालताना छातीत दुखत नसेल, तर सपाट रस्त्यावर चालणं, हलकी सायकल, बेताचं पोहणं बहुतेकांना सोसतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि मला चालण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. ती एका मामांमुळे माझ्या नीट लक्षात आली.

मामा छप्पन्न वर्षांचे, यंत्रमाग कारखान्यात जॉबर. बीपी निघाल्यापासून त्यांनी सोलापूरच्या कंबर तलावावरचं फिरणं बंद केलं होतं, "उगं काही व्हायला नको" म्हणून. पण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाणी सुटलं की मामा भरलेल्या बादल्या दुसऱ्या मजल्यावर चढवायचे. तेवढ्या दिवशी कानशिलं ठणकायची, बादली खाली ठेवली की घेरी यायची.

मी त्यांना माझ्यासमोर पाण्याची बादली उचलायला लावली, तीही अर्धीच. ओठ घट्ट मिटले, मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. लगेच थांबवलं आणि विचारलं, "मामा, श्वास कुठाय?" त्यांनी तो कोंडून धरला होता, आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, आवळलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबतात, आणि बीपीचे वरचा नि खालचा दोन्ही आकडे काही क्षणांत खूप वर जातात. श्वास सोडला की झपकन उतरतात, घेरी येते ती तेव्हा. चालताना असं होत नाही. पायांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरचा आकडा सावकाश चढतो, खालचा जवळजवळ तिथेच राहतो. फिरून आल्यावर पुढचे काही तास तर बीपी थोडं कमीच असतं.

म्हणून जिममध्ये वजनं पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. बारा-पंधरा वेळा सहज उचलता येईल एवढंच वजन घ्या, आणि उचलताना श्वास बाहेर सोडा. दात-ओठ खाऊन एकदाच जास्तीत जास्त वजन उचलायचं, ते नको. योगात साधी आसनं आणि सावकाश श्वसन चालतं. शीर्षासन, सर्वांगासन, लांब कुंभक, जोरजोरात भस्त्रिका किंवा कपालभाती हे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

मामांचं बीपी पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजलं तेव्हा १४८/९२ होतं. एवढ्यावर चालायला हरकत नव्हती. बसल्या जागी १८०/१०० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर नवा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जा. २००/११० ला पोचलं असेल तर व्यायाम नकोच, आधी उपचार. हार्टचा त्रास, पूर्वी झालेला पॅरालिसिस, किडनीचा आजार, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, गरोदरपण, यांत आकडा बरा दिसला तरी आधी विचाराच. वर्षानुवर्षं बसून असलेल्यांनी एकदम धावायचं ठरवलं, तर त्यांनीही.

मामांना पहिले दोन आठवडे सकाळी दहा मिनिटं चालायला सांगितलं, मग हळूहळू तीस, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा, की शेजारच्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही. त्यांच्या मुलाने नाडी मोजणारं घड्याळ आणलं होतं. ते मी बाजूला ठेवायला लावलं, कारण मामांना मेटोप्रोलॉल चालू आहे. या गोळीने नाडी फारशी वाढतच नाही, आणि घड्याळाच्या आकड्यामागे लागून माणूस नको एवढा पळतो. शेवटची पाच मिनिटं वेग कमी करायचा, एकदम थांबायचं नाही. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांवर असताना एकदम थांबलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

आणि ऊन. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ ला जातो. लघवी वाढवणारी गोळी असेल तर घामाबरोबर पाणी-क्षार आणखी कमी होतात, म्हणून आठच्या आत घरी या.

चालताना छाती दाबल्यासारखी झाली, दम बोलू देईना, धडधड किंवा चक्कर आली तर तिथेच बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीतलं दुखणं थांबेना, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा एकाएकी भयंकर डोकं दुखलं, तर १०८ ला फोन करा.

मामांच्या बादल्यांची कटकट आम्ही मुलाला छोटी मोटार बसवायला लावून मिटवली. ती बंद पडली तर अर्धी बादली, प्रत्येक पायरीला फूऽऽ करत. जिन्यात नातवंडंही त्यांच्याबरोबर फूऽऽ करतात म्हणे.