रिफंडचा बारा आकडी नंबर

ग्राहक मार्गदर्शन केंद्रात आमच्याकडे एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. ऑनलाइन मागवलेलं ओव्हरलॉक मशीन टाके सोडायला लागलं, म्हणून त्यांनी ते परत केलं होतं. कुरिअरवाला पार्सल घेऊन गेला त्यालाही महिना होऊन गेला, पण ७,४९९ रुपये काही जमा झाले नव्हते. ॲपवर रोज तेच, ‘रिफंड पाठवला आहे’. चॅटवर विचारलं की ‘बँकेत चौकशी करा’ आणि बँकेत गेलं की ‘काही आलेलं नाही’. हातातली कामं सोडून बाई हेलपाटे मारत होत्या.

त्यांचं बँक स्टेटमेंट मी ओळीनं वाचलं. पैसे यूपीआयनं गेलेले दिसत होते, परत आल्याची नोंद कुठेच नव्हती. यूपीआयचा रिफंड खरंच निघाला असेल तर त्याला बारा आकडी आरआरएन नंबर असतो आणि त्यावरून बँकेला शोध घेता येतो. बाईंना तो नंबर कुणीच दिला नव्हता. त्यांनी मागावा तरी कसा? असं काही असतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चॅटचा नाद सोडून आम्ही थेट कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्यानं ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. पत्रात मनस्तापाचं वर्णन बाईंना हवं होतं, आणि त्यांचा राग रास्तच होता. पण ते आम्ही एका ओळीत आटोपलं. ऑर्डर नंबर, परतीच्या पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, पिकअपची तारीख आणि रक्कम लिहिली. पार्सल उचलल्याचा एसएमएस आणि स्टेटमेंट जोडलं. मग नेमकी मागणी केली:

‘रिफंड पाठवला असल्यास त्याचा आरआरएन आणि तारीख कळवावी. पाठवला नसल्यास तसे लेखी कळवून रक्कम त्वरित जमा करावी.’

पोच वेळेत आली. नंतरच्या उत्तरात खरं काय ते कळलं. पार्सल कुरिअरच्या हबपर्यंत गेलं होतं, पण कंपनीच्या गोदामात त्याचं स्कॅनिंग झालंच नव्हतं, म्हणून रिफंड अडकला होता. म्हणजे ‘रिफंड पाठवला आहे’ हे साफ खोटं होतं. त्या उत्तरातही कुरिअरकडे तपास चालू असल्याचं सांगून थांबायला सांगितलं होतं.

मला ते अजिबात पटलं नाही. कुरिअरवाला कंपनीनेच पाठवलेला होता आणि पार्सल त्याच्या ताब्यात दिल्याचा पुरावा बाईंकडे होता. पुढं ते कुठं हरवलं याचा शोध कंपनीनं आणि कुरिअरनं आपापसात घ्यावा. हेच आम्ही दुसऱ्या पत्रात लिहिलं. रक्कम आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, हेही कळवलं. एवढ्या रकमेच्या दाव्याला आयोगात फी लागत नाही.

त्यानंतर कंपनीकडून आरआरएनसह मेल आला. बाईंनी तो नंबर बँकेत दाखवला आणि ७,४९९ रुपयांच्या नोंदीशी तो जुळला.