दोन लाख, त्यापुढे नाही

आज मुलाला त्याच्या शेअर बाजारातल्या ट्रेडिंगबद्दल पत्र लिहिलं. बोलायला बसलो की आवाज चढतो, म्हणून कागदावर. त्यातला थोडा भाग इथे देतो, माझ्यासारखे अजूनही बाप असतील.

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

माझ्या निवृत्तीच्या चाळीस लाखांपैकी ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. आईची औषधं, किराणा, वीजबिल सगळं त्यातून चालतं. त्याला हात लावायचा नाही. आठ लाख दवाखान्यासाठी मुदत ठेवीत. उरलेले दोन लाख तुझ्या ट्रेडिंगला, वेगळ्या बँक खात्यात. डिमॅटला तेवढंच खातं जोड.

पण नुसतं खातं वेगळं करून मर्यादा पाळली जात नाही. तू ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने व्यवहार करण्याचा हक्क, विकत घेतलास तर फार तर त्यासाठी भरलेला प्रीमियम जातो. आधी न घेताच विकलास तर तोटा खात्यातल्या रकमेपेक्षा मोठा होऊ शकतो, आणि ब्रोकर बाकी मागतो. म्हणून असं विकणं बंद. म्युच्युअल फंडही मार्जिनसाठी, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायच्या अनामतीसाठी, तारण ठेवायचे नाहीत. ती मागच्या दाराने मर्यादा मोडणंच आहे.

तू हुशार आहेस, पण सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे एफ अँड ओ, करणारे ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. दोन लाखांचे एक लाख झाले, तर परत दोनवर यायला शंभर टक्के नफा लागतो. तिथेच माणूस आणखी पैसे टाकतो. तू टाकू नकोस. खातं संपलं तर पुढच्या एप्रिलपर्यंत भर नाही, आणि तेव्हाही आधी आईला विचारायचं.