आपोआप नूतनीकरणाचं कलम: स्क्रीनशॉटपासून नेमक्या तारखेपर्यंत

डिझाइनच्या एका सॉफ्टवेअरच्या अटींचा इंग्रजी स्क्रीनशॉट माझ्याकडे मराठी भाषांतरासाठी आला. त्यात तीन कलमं दिसत होती: डेटाचा वापर, सबस्क्रिप्शन रद्द करणं आणि आपोआप नूतनीकरण. वापरणाऱ्याचे प्रश्न दोनच होते. पुढच्या वर्षाचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून काय करायचं, आणि कधीपर्यंत? आणि सॉफ्टवेअरवर चढवलेल्या फायलींचं नंतर काय होतं? भाषांतर वाचून या दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर शब्द कितीही अचूक असले तरी त्याचा उपयोग नाही, असं धरूनच मी कामाला लागते.

सगळ्यात आधी पाहायचं ते चित्रात काय नाही. या स्क्रीनशॉटमध्ये वरची Last updated ही ओळ कापली गेली होती, त्यामुळे अटींची कोणती आवृत्ती आहे हे कळत नव्हतं. दुसरी उणीव जास्त महत्त्वाची होती. कलमांमध्ये काही शब्द वाक्याच्या मध्येही मोठ्या अक्षराने सुरू होत होते: Subscription Term, Customer Content, Services. करारात असं दिसलं की त्या शब्दाची व्याख्या दुसरीकडे कुठेतरी दिलेली असते आणि तिथला अर्थच लागू होतो. ती व्याख्या हातात नसताना ‘सबस्क्रिप्शनची मुदत’ असं लिहिणं म्हणजे अंदाज लिहिणं. म्हणून मी वरची कापलेली ओळ, व्याख्यांचं पान, ‘आणखी वाचा’खाली मिटलेला मजकूर आणि पैसे भरल्याची पावती मागवून घेतली. काही अटींच्या शेवटी देशानुसार वेगळा भाग असतो आणि तो मुख्य कलमापेक्षा वरचढ ठरतो. तोही तपासला, या अटींमध्ये तसा भाग नव्हता.

व्याख्येने चित्र बदललं. १४ दिवसांचा मोफत चाचणी काळ मुदतीत धरलेला नव्हता. खातं १ मार्च २०२४ला उघडलं होतं, पण १२ महिन्यांची मुदत चाचणी संपल्यावर, म्हणजे १५ मार्चपासून सुरू झाली होती. मुदतीचा शेवटचा दिवस १४ मार्च २०२५. वापरणारा १ मार्चपासून वर्ष मोजत होता. खातं उघडल्याच्या दिवसापासून मोजण्याची सवय सगळ्यांचीच असते, म्हणून भाषांतरात मुदत सुरू होण्याची तारीख मी स्वतंत्र ओळीत लिहिते.

चित्रातला मजकूर हाताने टंकण्यापेक्षा मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने काढणं बरं, पण चित्र आधी मोठं करावं लागतं. मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटमधली बारीक अक्षरं जशीच्या तशी दिली तर चुका वाढतात. खालची पहिली आज्ञा ImageMagick वापरून चित्र दुप्पट करते, दुसरी Tesseract वापरून त्यातला मजकूर out.txt या फाइलमध्ये काढते.

```
magick shot.png -resize 200% big.png
tesseract big.png out -l eng --psm 6
```

निघालेला मजकूर मूळ चित्राशी ताडून पाहताना मी फक्त तीन गोष्टींवर बोट ठेवते: आकडे, नकार आणि अपवाद. ३ आणि ८ यांची अदलाबदल होते, त्यामुळे ३०चे ८० दिवस होऊ शकतात. ओळीच्या टोकाला आलेला not गळला तर वाक्य उलटं होतं, आणि उरलेलं वाक्य व्याकरणाने इतकं बरोबर दिसतं की चूक डोळ्यांना खटकतच नाही. unless आणि except या शब्दांपासून सुरू होणारे तुकडे कुठे जोडलेत हेही याच वेळी पाहायचं.

आता मुख्य कलम. त्याचा आशय असा: सबस्क्रिप्शन तेवढ्याच कालावधीच्या पुढच्या मुदतींसाठी आपोआप नूतनीकृत होईल, मात्र चालू मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी दोन्हींपैकी एका पक्षाने नूतनीकरण नको असल्याची सूचना दिली तर होणार नाही, नूतनीकरणाला त्या वेळी लागू असलेला दर आकारला जाईल.

यात सर्वाधिक फसवतो तो ३० दिवसांचा भाग. घाईत केलेल्या भाषांतरात तो ‘मुदत संपण्यापूर्वी ३० दिवसांच्या आत सूचना द्यावी’ असा येतो. मराठी वाचक याचा अर्थ शेवटच्या ३० दिवसांत कधीही, असा घेईल. मूळ अर्थ बरोबर उलटा आहे: शेवटचे ३० दिवस सुरू झाले की दार बंद. ‘३० दिवस आधी’ एवढंच लिहिलं तरी नेमका तिसावा दिवस की त्याआधी कधीही, हे धूसर राहतं. म्हणून मी लिहिलं: ‘मुदत संपायला किमान ३० दिवस शिल्लक असतानाच सूचना पोहोचली पाहिजे. त्यानंतर दिलेली सूचना या वर्षासाठी चालणार नाही.’ ‘पोहोचली’ हा शब्द मी मनाने घातलेला नाही. त्या अटींमध्ये सूचना मिळाल्यावर लागू होते असं वेगळं उपकलम होतं. ते नसेल तर हा शब्द वापरू नये.

मग हिशोब. १४ मार्च २०२५पासून मागे ३० दिवस मोजले की १२ फेब्रुवारी २०२५ येतो. फेब्रुवारी २८ दिवसांचा असल्यामुळे ‘एक महिना आधी’ धरून १४ फेब्रुवारी काढणारा दोन दिवसांनी चुकतो. २०२४सारख्या लीप वर्षात हेच उत्तर १३ फेब्रुवारी आलं असतं. या अटींमध्ये दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजले जातील असं लिहिलं होतं. त्यामुळे वापरणारा अमेरिकेसारख्या यूटीसीच्या मागे असलेल्या ठिकाणी असेल, तर त्याच्या घड्याळात १२ तारखेची रात्र उरली असली तरी करारातला दिवस संपलेला असू शकतो. भाषांतरात शेवटची तारीख १२ फेब्रुवारी दिली आणि खाली टीप लिहिली की सूचना १० तारखेपर्यंत पाठवावी. करारातली तारीख आणि माझा सल्ला एका वाक्यात मिसळत नाही. वाचणाऱ्याला करार काय म्हणतो आणि भाषांतर करणारा काय सुचवतो, हे वेगळं दिसलं पाहिजे.

दराचा तुकडा छोटा, पण तोही निसटतो. मुळात then-current rate असा शब्दप्रयोग होता. ‘सध्याचा दर’ असं लिहिलं की वाचणारा आज भरलेली रक्कम गृहीत धरतो. इथे बोलणं नूतनीकरणाच्या दिवशीच्या दराबद्दल आहे आणि तो वाढलेला असू शकतो. पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर पूर्ण दर लागतो तो याच शब्दांच्या आधाराने. ‘पुढच्या मुदतींसाठी’ हे अनेकवचनही जपायला हवं: एकदा थांबवलं नाही तर दरवर्षी, आणि दर वेळी पूर्ण वर्षासाठी.

रद्द करण्याच्या कलमात चार वेगळ्या गोष्टी एकाच परिच्छेदात होत्या. रद्द केल्याचा परिणाम चालू मुदत संपल्यावर होतो. तोवर सॉफ्टवेअर वापरता येतं. कायद्याने बंधनकारक असेल तेवढं सोडून भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आणि रद्द करायचं ते फक्त खात्याच्या सेटिंगमधून. हे ‘फक्त’ मुळात solely या शब्दात होतं; ते गळलं तर माणूस ग्राहक सेवेला मेल पाठवून निवांत बसेल. ‘कायद्याने बंधनकारक असेल तेवढं सोडून’ हा भाग पुष्कळ जण साचेबद्ध म्हणून गाळतात. मी तो कधीच गाळत नाही, कारण ग्राहकाच्या देशातला कायदा परतावा देत असेल तर तो हक्क शिल्लक आहे हे त्याला याच शब्दांवरून कळतं.

ॲप मोबाइलवरून काढून टाकल्याने काहीही रद्द होत नाही. सबस्क्रिप्शन ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर पैसे स्टोअर कापतं, त्यामुळे थांबवायचंही तिथेच. Delete account आणि Cancel subscription ही तर दोन स्वतंत्र कामं आहेत. खातं आधी पुसलं तर रद्द करण्याच्या पानापर्यंत पोहोचायची वाटच जाते, आणि पैसे स्टोअरमार्फत जात असतील तर कपात चालू राहू शकते.

वार्षिक योजना पण हप्ते मासिक, असा प्रकार असेल तर हे कलम आणखी सावकाश वाचावं लागतं. दरमहा पैसे जातात म्हणून ती मासिक योजना ठरत नाही. मध्येच सोडल्यास उरलेल्या हप्त्यांची पूर्ण किंवा काही रक्कम लागू शकते. या अटींमध्ये एकरकमी भरणा होता, म्हणून तो मुद्दा टिपेतही घेतला नाही.

डेटाच्या कलमाचं भाषांतर करताना मी प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारते: कोणता डेटा, कोण वापरणार, कशासाठी, कधीपर्यंत. इथे वापरणाऱ्याने चढवलेल्या फायली आणि वापराच्या नोंदी असे दोन प्रकार होते आणि दोघांचे नियम निराळे होते. फायली ‘सेवा पुरवण्यासाठी, चालवण्यासाठी आणि सुधारण्यासाठी’ वापरायचा परवाना कंपनीला मिळत होता. पहिल्या दोन कारणांशिवाय सॉफ्टवेअर चालणारच नाही. फाइल साठवायची तर तिची प्रत करावीच लागते. तिसरं कारण मात्र रुंद आहे, त्यात नवी उत्पादनं घडवण्यासाठीचा वापरही बसवता येतो. भाषांतरात तिन्ही कारणं वेगवेगळी ठेवायची. ‘सेवेसाठी’ या एका शब्दात ती गुंडाळली तर नेमकं पाहण्यासारखं तेच झाकलं जातं.

may आणि shall यांतही गल्लत नको. ‘आम्ही संबंधित कंपन्यांना डेटा देऊ शकतो’ ही कंपनीने ठेवलेली मुभा आहे, आणि ‘आम्ही विनंतीनंतर डेटा पुसू’ हे बंधन. दोन्ही ‘देऊ’ आणि ‘पुसू’ अशा एकाच छापाच्या क्रियापदांत लिहिलं की फरक पुसला जातो. यादीआधी ‘यांसह, पण एवढ्यापुरतं मर्यादित नाही’ असं असेल तर यादी म्हणजे फक्त उदाहरणं आहेत, हे मराठीतही कळलं पाहिजे.

शेवटचं उपकलम मला तिन्हींना जोडणारं वाटलं. करार संपल्यावरही ओळख काढून टाकलेल्या एकत्रित डेटावरचा कंपनीचा अधिकार टिकतो. फायली करार संपल्यावर ३० दिवस उतरवून घेता येतात. बॅकअपमधल्या प्रती ९० दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द करणं हे डेटा पुसणं नव्हे, त्याची विनंती वेगळी करावी लागते. यावरून मी भाषांतराखाली कामाचा क्रम दिला: आधी सगळ्या फायली उतरवून उघडून पाहाव्यात, मग सेटिंगमधून रद्द करावं, पुष्टीचा मेल आणि पुढची आकारणी नसल्याचं दाखवणारं पान जपून ठेवावं, आणि मुदत संपल्यावर डेटा पुसण्याची लेखी विनंती करावी. मेल एका दिवसात आला नाही, तर रद्द करणं पूर्ण झालं नाही असं समजून पुन्हा तपासावं; ‘खरंच जायचंय का?’ विचारणाऱ्या सवलतीच्या पानावरच अनेकांची प्रक्रिया अर्धवट थांबते.

भाषांतराच्या डोक्यावर दोन ओळी ठेवल्या. पहिली, अटींची कोणत्या तारखेची आवृत्ती वापरली ती. दुसरी, या अटींनुसार भाषांतरात फरक आढळल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य राहील ही. त्यामुळे प्रत्येक मराठी परिच्छेदाला मूळ कलमाचा क्रमांक लावला, म्हणजे कंपनीला लिहिताना वापरणाऱ्याला थेट त्या कलमाचा हवाला देता येईल.